‘उचित कार्यवाही सुरू आहे’ : माहिती अधिकारातील मोघम उत्तर कसे वाचावे?

सप्टेंबरच्या मध्यावर एका तालुक्याच्या गावी, एका निवृत्त शिक्षकांच्या घरी नगरपालिकेचा तपकिरी लिफाफा आला. गुरुजींनी माहितीच्या अधिकाराखाली केलेल्या अर्जाचे ते उत्तर होते. पत्र एका पानाचे, क्रमांकवार, शिक्का आणि स्वाक्षरीसह. सहा प्रश्नांसमोर सहा उत्तरे व्यवस्थित टंकलिखित केलेली होती. पहिल्या वाचनात गुरुजींना समाधान वाटले. कार्यालयाने निदान दखल घेतली. दुसऱ्या वाचनात थोडी शंका आली. तिसऱ्यांदा पत्र खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आले, की सगळे पान भरलेले असूनही हातात एकही कागद आलेला नाही.

असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. माहिती सरळ नाकारली, तर काय करायचे ते नागरिकाला कळते. परंतु नकारही नाही आणि माहितीही नाही, अशा उत्तरापुढे तो गोंधळतो. काही जण संतापून पत्र फाइलमध्ये टाकून देतात, तर काही जण सगळ्याच मुद्द्यांवर अपील ठोकतात. दोन्हींत नुकसान होते. मोघम उत्तरातील प्रत्येक वाक्याचा अर्थ वेगळा असतो आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा असतो. तो कसा शोधावा, हे गुरुजींच्या या पत्राच्या आधारे पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रश्न रस्त्याचा होता

गुरुजींच्या वसाहतीतील सुमारे १८० मीटर लांबीचा डांबरी रस्ता गेल्या वर्षी नव्याने झाला. जुलैच्या पावसात त्याचा एक तुकडा खचला, दोन ठिकाणी खडी वर आली आणि शाळकरी मुले सायकलवरून घसरू लागली. रहिवाशांनी १७ जुलैला सह्यांचा तक्रार अर्ज दिला. उत्तर आले नाही.

काम चालू असताना रस्त्याच्या कडेला लावलेल्या फलकावर दोषदायित्व कालावधी बारा महिन्यांचा असल्याचे लिहिलेले होते. काम पूर्ण झाल्यानंतर ठरावीक मुदतीत त्यात दोष निघाला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा, अशी ही करारातील अट असते. त्या हमीपोटी त्याची काही रक्कम कार्यालयाकडे ठेव म्हणून राहते. मुदत संपली की ठेव परत जाते आणि पुढची दुरुस्ती नगरपालिकेच्या, म्हणजे अखेर करदात्यांच्या, पैशातून होते. प्रश्न एवढाच होता, की हे बारा महिने कोणत्या तारखेपासून मोजायचे? दिवाळीनंतरही रोलर गल्लीत उभा होता, असे सर्वांना आठवत होते. तेव्हा मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत असावी, असा त्यांचा अंदाज होता. खरी तारीख मात्र कार्यालयातील कागदावरच मिळणार होती.

म्हणून १० ऑगस्टला गुरुजींनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यात सहा मुद्दे होते. पहिला, मंजूर अंदाजपत्रकाची प्रमाणित प्रत. दुसरा, कार्यादेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रती. तिसरा, मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींच्या प्रती. चौथा, गुणवत्ता चाचणी अहवालांच्या प्रती. पाचवा, १७ जुलैच्या तक्रार अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पण्या आणि पत्रव्यवहार यांच्या प्रती. सहावा मुद्दा त्यांनी मनातील चीड व्यक्त करण्यासाठी लिहिला होता : ‘रस्ता एका पावसातच का उखडला आणि त्यास जबाबदार कोण?’

उत्तरे अशी आली :

१. सदर माहिती विपुल स्वरूपाची असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन अवलोकन करावे.
२. काम निविदेतील अटी व शर्तींनुसार पूर्ण करण्यात आले आहे.
३. सदर अभिलेख या विभागात उपलब्ध नाही.
४. निरंक.
५. उचित कार्यवाही सुरू आहे.
६. प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.

आधी लिफाफा, मग पत्र

शेजारी राहणारे अण्णा जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झालेले. गुरुजींनी पत्र त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गुरुजी, लिफाफा कुठं आहे?” सुदैवाने तो केराच्या टोपलीत गेला नव्हता.

लिफाफ्याचे महत्त्व तारखांत असते. पत्रावर ८ सप्टेंबर ही तारीख होती. टपालाचा शिक्का १२ सप्टेंबरचा होता. पत्र हाती पडले १४ सप्टेंबरला. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७ (१) नुसार अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत माहिती द्यावयाची असते. १० ऑगस्टचा अर्ज, म्हणजे ती मुदत ९ सप्टेंबरला संपली. पत्रावरची तारीख मुदतीत बसत होती, पण पत्र कार्यालयाबाहेर पडले ते मुदतीनंतर. मुदत पाळली गेली नाही, तर कलम ७ (६) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते. एरवी प्रतींसाठी पानामागे दोन रुपये पडतात. रक्कम लहान असली, तरी मुद्दा नोंदवून ठेवण्यासारखा होता.

दुसरी मोजणी अर्जदाराची. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करावे लागते. १४ सप्टेंबरला पत्र मिळाले, म्हणजे शेवटचा दिवस १४ ऑक्टोबर. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण तो अधिकाऱ्याच्या समाधानाचा प्रश्न असतो. त्यावर विसंबून राहू नये.

अण्णांनी तिसरी गोष्ट पाहिली, ती पत्राच्या तळाशी. माहिती नाकारताना नाकारण्याची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळविणे कलम ७ (८) अन्वये बंधनकारक आहे. येथे यांपैकी काहीच नव्हते. मोघम उत्तराची ही एक ओळखीची खूण आहे. पत्र स्वतःला नकार म्हणवतच नाही. त्यामुळे कारण देण्याची जबाबदारीही ते अंगाला लावून घेत नाही. परंतु मागितलेला कागद दिला नाही, तर शब्द कितीही सौम्य असले, तरी परिणाम नकाराचाच असतो.

प्रश्नाशेजारी उत्तर ठेवून

यानंतर दोघांनी एका कोऱ्या कागदावर उभी रेघ ओढली. डावीकडे मागितलेला कागद लिहिला, उजवीकडे मिळालेले उत्तर. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा, असे ठरले : ‘मागितलेला कागद मिळाला का? नसेल, तर तो का मिळाला नाही, हे या वाक्यातून कळते का?’

पहिले उत्तर ‘विपुल’ या शब्दावर उभे होते. या शब्दामागे कलम ७ (९) असते. मागितलेल्या स्वरूपात माहिती देण्याने कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडणार असेल, तर ती दुसऱ्या स्वरूपात देता येते, असे ते कलम सांगते. ते माहिती नाकारण्याचे कलम नाही, स्वरूप बदलण्याचे आहे. शिवाय एका लहान रस्त्याचे अंदाजपत्रक काही पानांचेच असते. तरीही या उत्तरात एक दार उघडे होते : अवलोकन. ते वाया घालवू नये, असे अण्णांचे मत पडले.

दुसरे उत्तर सर्वांत फसवे होते, कारण ते वाचायला पूर्ण वाटते. गुरुजींनी मागितला होता कार्यादेश आणि दाखला. कार्यालयाने दिले प्रशस्तिपत्र. काम अटींनुसार झाले की नाही, हा अभिप्राय कोणी मागितलाच नव्हता. ज्या कागदावर तारीख होती, नेमका तोच या वाक्याआड गेला होता.

तिसऱ्या उत्तरातील ‘या विभागात’ हे दोन शब्द महत्त्वाचे. अभिलेख नाही, असे ते म्हणत नाही. इथे नाही, एवढेच म्हणते. अभिलेख दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल, तर कलम ६ (३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे हस्तांतरित करून अर्जदाराला कळवावे लागते. तो त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या विभागात असेल, तर कलम ५ (४) नुसार जन माहिती अधिकाऱ्याने त्या विभागाचे साहाय्य घ्यावयाचे असते. अर्जदाराने एका इमारतीतील टेबले शोधत हिंडावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

चौथे उत्तर एका शब्दाचे : ‘निरंक’. सरकारी भाषेत निरंक म्हणजे शून्य, काही नाही. परंतु काय नाही? चाचणी झालीच नाही, की झाली पण अहवाल आला नाही, की अहवाल आला आणि सापडत नाही? या तीन गोष्टींत फार अंतर आहे. जी माहिती अस्तित्वातच नाही, ती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ मधील निकालात स्पष्ट केले आहे. पण जो कागद एकदा अस्तित्वात होता आणि आता सापडत नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याचा कसून शोध घ्यावा आणि गहाळ होण्याची जबाबदारी निश्चित करावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वास भांबुरकर प्रकरणात २०१३ साली सांगितले. तेव्हा ‘निरंक’ म्हणजे या दोहोंपैकी काय, हे वदवून घेणे हीच येथे माहिती होती. चाचणीच झाली नाही, असे लेखी मिळाले, तर ते कोणत्याही अहवालाइतकेच बोलके ठरले असते.

पाचवे उत्तर, ‘उचित कार्यवाही सुरू आहे’. कार्यवाही सुरू असेल, तर तिचा काही कागद तयार झालेला असतो : आवक नोंद, कनिष्ठ अभियंत्याकडे पाठविल्याचा शेरा, पाहणीची टिप्पणी, ठेकेदाराला पत्र. माहितीच्या व्याख्येत हे सर्व बसते. चौकशीत अडथळा येईल म्हणून माहिती रोखायची असेल, तर कलम ८ (१) (ह) चा आधार घेऊन अडथळा कसा येईल, हे सांगावे लागते. येथे कलमही नव्हते आणि कारणही नव्हते.

सहाव्या उत्तराजवळ मात्र अण्णा थांबले. “गुरुजी, हे उत्तर बरोबर आहे. चूक आपल्या प्रश्नाची आहे.”

गुरुजींना ते पटायला थोडा वेळ लागला. पण कायदा तसाच आहे. माहिती म्हणजे अभिलेख, दस्तऐवज, टिप्पणी, आदेश, नमुना अशा स्वरूपात कार्यालयाजवळ असलेली सामग्री. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे एखाद्या गोष्टीचे समर्थन किंवा स्पष्टीकरण, या व्याख्येत येत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात २००८ साली दिला. रस्ता का उखडला, याचा अहवाल जर कोणी लिहिला असेल, तर तो मागता येतो. अधिकाऱ्याने नव्याने विचार करून उत्तर लिहावे, असे मागता येत नाही. या मुद्द्यावर अपील केले असते, तर ते फेटाळले गेले असतेच, शिवाय इतर पाच खऱ्या मुद्द्यांचे वजनही कमी झाले असते.

अपिलाआधी अवलोकन

पहिल्या उत्तराने दिलेले निमंत्रण गुरुजींनी स्वीकारले. १७ सप्टेंबरला ते पत्राची प्रत घेऊन बांधकाम विभागात गेले. फाइल समोर आली. अंदाजपत्रक तीत होते, पृष्ठ ११ ते १६ वर. म्हणजे ‘विपुल’ माहिती सहा पानांची निघाली. पण कार्यादेशानंतरचे कागद त्या फाइलमध्ये नव्हते. लिपिकाने सहज सांगितले, “देयकाची फाइल लेखा विभागात आहे, वरच्या मजल्यावर. मोजमाप पुस्तिकाही तिथंच.” गुरुजींनी पृष्ठ क्रमांक, तारीख आणि वेळ वहीत टिपली. अवलोकन केल्याबद्दल कार्यालयाने एका कागदावर सही मागितली, तेव्हा ‘फक्त अंदाजपत्रक पाहावयास मिळाले, उर्वरित अभिलेख दाखविण्यात आले नाहीत’ असे त्यांनी सहीच्या वर लिहिले. ही ओळ लिहिली नाही, तर पुढे ‘अर्जदाराने अभिलेखांचे अवलोकन केले आहे’ एवढाच शेरा सर्व मुद्द्यांचे उत्तर म्हणून उभा राहू शकतो.

या एका फेरीने अपिलाला आकार आला. कागद कोठे आहेत, हे आता अंदाजाने लिहावे लागणार नव्हते.

अपील की तक्रार, आणि केव्हा?

येथे एक पर्याय अनेकांना मोह घालतो. अपूर्ण किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल कलम १८ खाली थेट राज्य माहिती आयोगाकडे तक्रार करता येते. अधिकाऱ्याला दंड व्हावा, असे वाटणाऱ्याला हा मार्ग जवळचा वाटतो. परंतु मणिपूर राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले, की कलम १८ च्या तक्रारीत आयोग माहिती देण्याचा आदेश करू शकत नाही; माहिती हवी असेल, तर कलम १९ चे अपीलच करावे लागते. गुरुजींना अधिकाऱ्याचा दंड नको होता, दाखल्यावरची तारीख हवी होती.

प्रथम अपिलाच्या मर्यादाही माहीत असाव्यात. ते त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे चालते. त्याला दंड करण्याचा अधिकार नाही. तो फक्त आयोगाला आहे. रस्ता दुरुस्त करा किंवा ठेकेदाराची चौकशी करा, असा आदेशही या अपिलात मागता येत नाही. मूळ अर्जात न मागितलेला कागद अपिलात नव्याने जोडता येत नाही. एवढे वजा केल्यावर जे उरते, ते मात्र कामाचे असते : वरिष्ठाने फाइल मागवून, कनिष्ठाला समोर बसवून, प्रत्येक मुद्द्याला ‘द्या’ किंवा ‘या कारणास्तव देता येत नाही’ असे म्हणणे. आणि माहिती नाकारणे योग्य होते, हे सिद्ध करण्याचा भार कलम १९ (५) नुसार अधिकाऱ्यावर असतो, नागरिकावर नाही.

आता वेळेचा हिशेब. प्रथम अपील तीस दिवसांत निकाली काढावयाचे असते. कारणे लेखी नोंदवून ही मुदत एकूण पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढविता येते. गुरुजींनी दोन तारखा मांडून पाहिल्या. शेवटच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला अपील केले, तर पंचेचाळीस दिवस २८ नोव्हेंबरला भरणार. रहिवाशांच्या अंदाजाप्रमाणे दोषदायित्व कालावधी त्याच सुमारास संपणार होता. २० सप्टेंबरला केले, तर तीस दिवस २० ऑक्टोबरला आणि पंचेचाळीस ४ नोव्हेंबरला भरणार. कायद्याने दिलेली मुदत ही वापरण्याची कमाल मर्यादा असते, वाट पाहण्याचा सल्ला नसतो. त्यातच पुढचा टप्पा, म्हणजे आयोगाकडील द्वितीय अपील, नव्वद दिवसांत दाखल करता येत असला, तरी तेथे सुनावणीला दीर्घकाळ लागतो. ज्याला तारखेशी स्पर्धा आहे, त्याचे काम प्रथम अपिलातच व्हावे लागते.

अपिलात काय लिहिले?

महाराष्ट्रात प्रथम अपील जोडपत्र ‘ब’ या नमुन्यात, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करतात. सोबत मूळ अर्ज, त्याची पोच आणि मिळालेले उत्तर यांच्या प्रती जोडाव्यात. गुरुजींनी लिफाफ्याचीही प्रत जोडली. पहिल्या मसुद्यात त्यांनी रस्त्याची दुर्दशा, करदात्यांचे हाल आणि अधिकाऱ्यांची अनास्था यांवर दीड पान लिहिले होते. अण्णांनी ते वाचून बाजूला ठेवले. “हे सगळं खरं आहे, पण हे वाचून साहेबांना आदेशात काय लिहायचं ते कळणार नाही.”

मग प्रत्येक मुद्द्यासाठी दोन वाक्ये ठरली : उत्तरात काय उणीव आहे आणि नेमका कोणता आदेश हवा.

मुद्दा १ : ‘अंदाजपत्रक फाइलच्या पृष्ठ ११ ते १६ वर असल्याचे १७ सप्टेंबरच्या अवलोकनात दिसून आले. सहा पृष्ठांची माहिती विपुल ठरत नाही. प्रमाणित प्रती देण्याचा आदेश व्हावा.’

मुद्दा २ : ‘कार्यादेश व पूर्णत्वाच्या दाखल्याच्या प्रती मागितल्या होत्या. उत्तरात अभिप्राय दिला आहे, प्रती दिलेल्या नाहीत आणि नाकारण्याचे कारणही दिलेले नाही. प्रती देण्याचा आदेश व्हावा.’

मुद्दा ३ : ‘मोजमाप पुस्तिका याच नगरपालिकेच्या लेखा विभागात असल्याचे समजले. कलम ५ (४) नुसार ती मागवून संबंधित नोंदींच्या प्रती देण्याचा आदेश व्हावा.’

मुद्दा ४ : ‘निरंक या शब्दाचा अर्थ संदिग्ध आहे. अहवाल असल्यास प्रती द्याव्यात. चाचणी झाली नसल्यास अथवा अहवाल अभिलेखात आढळत नसल्यास तसे स्पष्ट शब्दांत लेखी कळविण्याचा आदेश व्हावा.’

मुद्दा ५ : ‘कार्यवाहीचा निष्कर्ष नव्हे, तर आजपर्यंत तयार झालेल्या टिप्पण्या व पत्रे यांच्या प्रती मागितल्या आहेत. त्या द्याव्यात, किंवा एकही तयार झाली नसल्यास तसे कळवावे.’

मुद्दा ६ अपिलातून वगळला. त्याऐवजी गुरुजींनी दहा रुपयांचा नवा अर्ज केला. ‘का’ हा शब्द गाळून त्यांनी विचारले : ‘या रस्त्याच्या जुलैनंतर केलेल्या स्थळपाहणीच्या अहवालाची प्रत आणि ठेकेदारास दिलेल्या सूचनापत्राची प्रत द्यावी.’ जबाबदार कोण, हे कार्यालय सांगणार नव्हते. पाहणी कोणी केली आणि पत्र कोणी पाठविले किंवा पाठविले नाही, हे कागद सांगणार होते.

अपिलाच्या शेवटी दोन विनंत्या होत्या. माहिती मुदतीनंतर पाठविली गेल्याने कलम ७ (६) प्रमाणे विनामूल्य मिळावी आणि आदेशात माहिती देण्याची तारीख नमूद व्हावी. ही दुसरी विनंती फार जण विसरतात. ‘माहिती देण्यात यावी’ एवढाच आदेश झाला, तर तोही मूळ उत्तराइतकाच मोघम असतो.

सुनावणी आणि त्यानंतर

अपील २० सप्टेंबरला दाखल झाले आणि ८ ऑक्टोबरला सुनावणी झाली. ती पंधरा मिनिटांत आटोपली. अपिलीय अधिकाऱ्यांनी मुद्दे क्रमाने वाचले आणि जन माहिती अधिकाऱ्यांना प्रत्येकावर एकच प्रश्न केला, “कागद आहे की नाही?” पहिल्या तीन मुद्द्यांवर ‘आहे’ असे उत्तर आले. चौथ्यावर थोडी शांतता पसरली आणि मग, “फाइलमध्ये अहवाल नाही,” असे सांगण्यात आले. पाचव्यावर आवक नोंद आणि एक टिप्पणी निघाली. सात दिवसांत विनामूल्य प्रती द्याव्यात आणि चाचणी अहवालाबाबत लेखी खुलासा करावा, असा आदेश झाला.

प्रती १६ ऑक्टोबरला मिळाल्या. आदेशाची मुदत एका दिवसाने उलटली होती, पण गुरुजींनी ते मनावर घेतले नाही. त्यांचे लक्ष पूर्णत्वाच्या दाखल्याकडे होते. त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख होती गेल्या वर्षीची २० ऑक्टोबर. दिवाळीनंतर रोलर गल्लीत उभा होता, तेव्हा कागदावर रस्ता केव्हाच पूर्ण झालेला होता. बारा महिने मोजले, तर दोषदायित्व कालावधी संपायला तीनच दिवस उरले होते. नोव्हेंबरअखेरचा अंदाज धरून कोणी १४ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते, तर दाखला हाती येईपर्यंत ठेव परत करण्याचा मार्ग मोकळा झालेला असता.

१७ ऑक्टोबरला सकाळी गुरुजी, अण्णा आणि वसाहतीतील दोघी गृहिणी मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले. हाती एका पानाचे पत्र होते. रस्त्यात कोठे कोणता दोष आहे, ते मीटरमध्ये अंतर देऊन लिहिलेले. सोबत छायाचित्रे, पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत आणि चाचणी अहवाल अभिलेखात नसल्याचा नगरपालिकेचाच खुलासा. दोषदायित्व कालावधीतच दोष लेखी कळवीत असून दुरुस्ती होईपर्यंत ठेकेदाराची ठेव परत करू नये, एवढीच मागणी त्यात होती. माहितीच्या अर्जाचे काम येथे संपले होते आणि रस्त्याच्या तक्रारीचे खऱ्या अर्थाने सुरू झाले होते.

आवक लिपिकाने पत्रावर शिक्का मारला. गुरुजींनी आपली प्रत परत घेतली, शिक्क्यातील तारीख नीट उमटली आहे की नाही ते चष्मा वर करून पाहिले आणि अंक थोडा पुसट दिसल्यामुळे शिक्का पुन्हा मारून मागितला.